पुरुषाचा चेहरा स्त्रीच्या पोर्ट्रेटवर बसवताना: भुवया, मेकअप आणि त्वचेचा मऊपणा

प्रश्न: आमच्या नाटकात एक पुरुष नट स्त्रीपात्र करतो आहे. पोस्टरसाठी एका स्त्रीच्या स्टुडिओ पोर्ट्रेटवर त्याचा चेहरा बसवायचा आहे आणि दोघांचीही परवानगी घेतलेली आहे. फोटोशॉपमध्ये चेहरा मापात बसला, पण मुखवटा चिकटवल्यासारखा दिसतो. भुवया जाड आणि हनुवटी निळसर दिसते, त्वचा ब्लर केली की प्लास्टिकसारखी होते, लिपस्टिक स्टिकरसारखी वाटते. स्त्रीच्याच भुवया ठेवल्या तर नट ओळखूच येत नाही. नेमके काय चुकते आहे?

उत्तर: तुमच्या प्रश्नातले शेवटचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माणूस ओळखण्यात भुवयांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. ओळखीच्या चेहऱ्याच्या छायाचित्रातून भुवया पुसल्या, तर डोळे पुसल्यावर होतो त्याहूनही अधिक गोंधळ पाहणाऱ्याचा होतो, असे प्रयोगांत आढळलेले आहे. मी स्वतः पहिल्यांदा असे काम केले तेव्हा मूळ स्त्रीच्या रेखीव भुवया तशाच ठेवल्या होत्या. चित्र देखणे झाले, पण ज्याचा चेहरा बसवला होता त्याच्या बायकोनेच ‘ही कोण?’ असे विचारले. तेव्हापासून मी माउस हातात घेण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवतो: या चित्रात कोणाचे काय राहणार.

पोस्टरसाठी माझी वाटणी अशी असते. डोळे, नाक, ओठांची ठेवण आणि भुवयांचा मूळ स्वभाव नटाचा. जबड्याची कड, हनुवटी, कपाळाचा वरचा भाग, केस, कान आणि मान स्त्रीची. आणि प्रकाश व त्वचेचा रंग पूर्णपणे स्त्रीच्या छायाचित्राचा. बहुतेक जण नटाचा चेहरा जबड्यासकट कापून आणतात आणि मग दाढीची छटा व रुंद हनुवटी झाकण्यात तासन्‌तास घालवतात. मास्कची खालची कड खालच्या ओठाच्या जेमतेम खाली आणली, तर हनुवटी आपोआप स्त्रीचीच राहते आणि निळसरपणाचा मोठा भाग मुळात चित्रात येतच नाही. उरतो तो वरच्या ओठावरचा आणि तोंडाच्या कोपऱ्यांजवळचा भाग. तो बराच आटोक्यात असतो.

चेहरा मापात बसवताना दोन्ही बाहुल्यांच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेषा प्रमाण मानावी. नटाच्या चेहऱ्याचा लेयर Smart Object करून त्याची Opacity ५०% ठेवावी आणि बाहुल्या बाहुल्यांवर आणाव्यात. पुरुषाच्या चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग बहुधा लांब असल्यामुळे ओठ थोडे खाली पडतील. तो फरक उंची दाबून पूर्ण भरून काढण्याचा मोह टाळावा, कारण उभ्या दिशेने तीनचार टक्क्यांपेक्षा जास्त दाबले की नाकपुड्या पसरलेल्या दिसतात. त्याऐवजी नाकाचा तळ आणि वरचा ओठ यांतील अंतर Liquify मध्ये किंचित कमी करावे. हेच अंतर पुरुषांत सहसा जास्त असते, आणि तेवढे कमी झाले तरी चेहऱ्यात जाणवण्याइतका फरक पडतो. मास्कची कड सगळीकडे सारखी मऊ ठेवू नये. गालावर जिथे काहीच तपशील नाही तिथे ती खूप पसरट असावी आणि भुवयांच्या वर, कपाळावर आठ्या असतील तर त्या टाळून, थोडी आवळलेली असावी.

आता त्वचेकडे येतो. ‘मऊ’ त्वचा म्हणजे ब्लर केलेली त्वचा, ही समजूत तुमच्या प्लास्टिकच्या तक्रारीचे मूळ आहे. डोळ्याला मऊपणा जाणवतो तो उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार सलग असतो म्हणून. रंध्रे पुसली गेली म्हणून तो जाणवत नाही. रंध्रे राहू द्यावीत आणि उतारातले खड्डे व उंचवटे तेवढे काढावेत.

यासाठी आधी उजेड जुळवावा लागतो, रंग नंतर. सर्वांत वर एक लेयर काळ्या रंगाने भरून त्याचा मोड Color करावा. त्याखालचे सगळे चित्र फक्त उजेडाच्या प्रतींत दिसू लागते आणि रंगाची भुरळ पडत नाही. हा लेयर काम संपेपर्यंत ठेवावा, हवा तेव्हा चालू-बंद करावा. समजा स्त्रीच्या कपाळाच्या मध्यावरचे आकडे लाल २२२, हिरवा १८४, निळा १६४ असे आहेत आणि नटाच्या कपाळाचे १७८, १३२, १०८ असे आहेत. नटाच्या लेयरवर Curves चा लेयर क्लिप करून प्रत्येक चॅनलमध्ये तो बिंदू त्या आकड्यावर न्यायचा: लाल चॅनलमध्ये १७८ चे २२२, हिरव्यात १३२ चे १८४ आणि निळ्यात १०८ चे १६४. एवढ्यावर थांबले तर मात्र नाकाच्या शेंड्यावरची चमक पांढरी फटक होते. म्हणून त्याच वक्रावर दुसरा बिंदू दोघांच्या सर्वांत उजळ जागेसाठी आणि तिसरा बिंदू नाकाच्या सावलीच्या बाजूसाठी द्यावा. हे काम १६ बिटमध्ये करावे, नाहीतर इतक्या ओढाताणीत गालावर पट्टे उमटतात.

या ओढाताणीचा एक दुष्परिणाम ठाऊक असलेला बरा. मधल्या छटा वर उचलल्या की वक्राचा खालचा, म्हणजे सावलीकडचा भाग जास्त चढा होतो, आणि त्यामुळे डोळ्यांखालची वर्तुळे व नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागते. त्वचा उजळली पण नट थकलेला दिसू लागला, असे वाटले तर कारण हेच असते. इथे ब्लर न वापरता ५०% करड्या रंगाने भरलेला आणि Soft Light मोडमधला एक लेयर घ्यावा, आणि दोन ते चार टक्के Flow असलेल्या मऊ ब्रशने पांढऱ्या रंगाचे हलके हात फिरवून घडीचा तळ वर आणावा. घडी पूर्ण भरू नये. साधारण निम्मी उथळ झाली की पुरते. उंचवट्यांवर, म्हणजे घडीच्या बाहेरच्या कडेवर, काळ्याचा अगदी पुसट हात दिला तर उतार सलग होतो. पोत आणि रंग वेगळे करून काम करण्याची पद्धत अनेक जण सुचवतील. ती चुकीची नाही, पण त्यातला खालचा लेयर नवशिक्याच्या हातून हमखास जास्त ब्लर होतो आणि पुन्हा तोच प्लास्टिकचा दोष येतो.

वरच्या ओठावरच्या दाढीच्या छटेत तीन वेगळे दोष एकत्र असतात आणि तिन्ही वेगळे दुरुस्त करावे लागतात. त्वचेखाली दिसणाऱ्या केसांच्या मुळांमुळे रंग निळसर होतो, त्याच कारणाने तो भाग काळवंडतो, आणि खुंटांमुळे पोत टोचरा होतो. आधी Curves चा एक लेयर फक्त त्या भागापुरता मास्क करून उजेड गालाच्या बरोबरीला आणावा. मग Color मोडच्या नव्या लेयरवर गालावरून उचललेला पीच रंग ३० ते ४० टक्क्यांनी फिरवावा. मेकअप करणारेही फाउंडेशनच्या आधी दाढीवर नारिंगीकडे झुकणारा करेक्टर लावतात, तेच हे काम. शेवटी खुंटांसाठी Healing Brush वापरावा, पण नमुना नटाच्या गालावरून न घेता खालच्या स्त्रीच्या छायाचित्रातल्या हनुवटीवरून घ्यावा. पुरुषाच्या गालाची रंध्रे मोठी असतात आणि ती ओठाच्या वर आली की त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी रंग आणि मग उजेड बदलला, तर पीच रंग भडक होऊन ओठांवर चहाच्या डागासारखा दिसू लागतो.

आता भुवया. इथे घाई केली तर बाकीचे सगळे काम वाया जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुरुषाची भुवई जाड असते एवढाच फरक नसतो. ती डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडावर किंवा त्याला टेकून, सरळसर जाते. स्त्रीची भुवई त्या हाडाच्या थोडी वर असते आणि बाहेरच्या तिसऱ्या भागाकडे तिला कमान येते. शिवाय पुरुषांत हे हाड स्वतःच पुढे आलेले असते. त्यामुळे भुवईच्या वर एक उजळ पट्टा आणि भुवईखाली पापणीवर एक सावली पडते. भुवई कोरली आणि वर उचलली, पण ही सावली तशीच राहिली, की नट स्त्रीसारखा न दिसता दचकलेला पुरुष दिसतो. म्हणून केसांना हात लावण्याआधी हाड ‘मागे’ न्यावे: त्याच करड्या Soft Light लेयरवर भुवईखालची सावली उजळावी आणि भुवईवरचा चमकता पट्टा किंचित दाबावा. वर सांगितलेला काळा लेयर चालू करून पाहिले, तर कपाळापासून पापणीपर्यंतचा उतार एका पायरीने खाली पडतो आहे की सावकाश उतरतो आहे, हे लगेच कळते.

त्यानंतर नको असलेले केस काढायचे. थेट Healing Brush चालवला तर तो शेजारच्या केसांचा काळेपणा ओढून त्वचेवर धुरकट डाग पाडतो. हा अनुभव तुम्हाला आला असेलच. म्हणून नव्या लेयरवर Clone Stamp घ्यावा, त्या लेयरचा मोड Lighten आणि नमुना Current & Below ठेवावा. Lighten मध्ये फक्त नमुन्यापेक्षा गडद असलेले बिंदू बदलतात, म्हणजे केस जातात आणि त्वचेची उजळ रंध्रे जागेवर राहतात. नमुना नेहमी केसांच्या लगत खालून घ्यावा. कपाळावरची त्वचा पापणीजवळच्या त्वचेपेक्षा उजळ असते आणि ती तिथे आणली की चट्टा दिसतो. काढायचे ते मुख्यतः खालच्या कडेचे आणि दोन भुवयांच्या मधले. वरची कड जवळजवळ तशीच ठेवावी, कारण नटाची ओळख तिथे आणि भुवईच्या आतल्या टोकाच्या आकारात असते. जाडी एकतृतीयांशाने कमी झाली की मी थांबतो. त्याहून बारीक केली तर वरच्या कडेची ओळखही नाहीशी होऊ लागते.

मग उरलेली भुवई भोवतालच्या बऱ्याच त्वचेसकट लॅसोने निवडून नव्या लेयरवर घ्यावी, खालची मूळ भुवई पूर्ण पुसून टाकावी आणि वरच्या लेयरला Warp लावावा. आतले टोक जागचे हलवू नये. तिथून बाहेर जाताना हळूहळू उचलत कमानीचा सर्वांत उंच बिंदू बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी आणावा. किती उचलायचे? बाहुल्यांमधले अंतर ४०० पिक्सेल असेल तर बारा ते पंधरा पिक्सेल मला बहुतेक वेळा पुरतात. वीसच्या पुढे गेले की नाटकी भाव येतो, अर्थात तुमच्या पात्राला तो हवा असेल तर गोष्ट वेगळी. चेहरा किंचित वळलेला असेल तर दोन्ही भुवया सारख्या उचलू नयेत, कारण पलीकडची कमान दृष्टिकोनामुळे आधीच चपटी दिसत असते.

शेवटी विरळ झालेल्या जागी केस काढायचे. ब्रश कडक, दोन-तीन पिक्सेलचा आणि पेनच्या दाबाने बारीक होणारा असावा. रंग शुद्ध काळा नको. डोक्यावरच्या केसांच्या सावलीच्या भागातून उचललेला तपकिरी रंग Multiply मध्ये वापरावा. आतल्या टोकाशी केस जवळजवळ सरळ वर जातात, मध्ये ते बाहेर कलतात, आणि तिथे वरच्या कडेचे केस खाली व खालच्या कडेचे केस वर येऊन मधल्या रेषेत भेटतात. ही दिशा चुकली, की प्रत्येक केस कितीही सुबक असला तरी भुवई रंगवलेली वाटते. काढलेले केस मूळ छायाचित्राइतकेच तीक्ष्ण असावेत. फोकस डोळ्यांवर असूनही मूळ केस किंचित मऊ दिसत असतील तर नव्या केसांना अर्ध्या पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा.

मेकअप शेवटी येतो आणि मला त्यात फार वेळ लागत नाही, कारण त्याचे खरे काम वर झालेले असते. स्त्रीच्या चेहऱ्यात डोळे व ओठ यांचा गडदपणा आणि भोवतालच्या त्वचेचा उजळपणा यांतील फरक पुरुषाच्या मानाने जास्त असतो, आणि काजळ-लिपस्टिक तोच फरक वाढवतात. त्वचा आधीच उजळली असल्याने फरक निम्मा वाढलेला आहे. उरलेला निम्मा मेकअपने आणायचा. तुमची लिपस्टिक स्टिकरसारखी दिसते, कारण एकच सपाट रंग ओठांच्या चमकेवरही चढला आहे. ओठांचा मास्क केलेल्या लेयरवर रंग Multiply मध्ये भरावा, मग Blending Options मध्ये Underlying Layer ची पांढरा त्रिकोण Alt दाबून दुभागावा आणि त्याचा डावा अर्धा भाग डावीकडे न्यावा, म्हणजे चमकेच्या जागी रंग हळूहळू विरतो. ओठांची कड तोंडाच्या कोपऱ्यांशी अंधुक आणि वरच्या ओठाच्या मध्यावरच्या खाचेत स्पष्ट ठेवावी. नटाचे ओठ पातळ असतील तर कडेच्या बाहेर एक-दोन पिक्सेल जाता येते. त्याहून बाहेर गेले की रंग त्वचेच्या पोतावर चढलेला दिसतो.

मूळ स्त्रीच्या पापण्यांचे केस उचलून आणू नयेत. तिच्या पापणीची वक्रता वेगळी असते आणि केस मुळापासून सुटलेले दिसतात. नटाच्याच पापणीच्या कडेवर, आतल्या कोपऱ्याकडे बारीक आणि बाहेर थोडी जाड अशी रेघ Multiply मध्ये काढावी, आणि तिच्यातून मुळाशी जाड व टोकाला निमुळते केस वळवून काढावेत. पापणीवरच्या रंगाला आणि गालाच्या लालीला दहा-पंधरा टक्के पुरतात. लाली Color मध्ये लावावी, म्हणजे तुम्ही मेहनतीने सलग केलेला उजेडाचा उतार बिघडत नाही.

सर्व झाल्यावर बसवलेल्या भागाचा दाणा मूळ छायाचित्राशी जुळतो का, हे १००% वर पाहावे. जिथे काम जास्त झाले तिथे दाणा नाहीसा झालेला असतो आणि Add Noise ने एक-दोन टक्के परत द्यावा लागतो. मग चित्र आडवे उलटे करून पाहावे, कारण भुवयांची असमानता सरळ चित्रात डोळ्याला सवयीची होते आणि उलट्या चित्रात लगेच खटकते. शेवटी ते दोनशे पिक्सेलपर्यंत लहान करून नटाला ओळखणाऱ्या एखाद्याला काहीही न सांगता दाखवावे. त्याने नाव सांगितले पण ‘हे काय केलंय?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा दोष हाडाच्या सावलीत असतो. नावच सांगता आले नाही, तर भुवयांची वरची कड जास्त कोरली गेली आहे.

ही सगळी पद्धत दोन्ही छायाचित्रांतला प्रकाश एकाच बाजूने आणि साधारण सारखाच मऊ असेल तरच उपयोगी पडते. नटाच्या चेहऱ्यावर कडक उजेडाची धारदार सावली असेल किंवा डोके पंधरा अंशांहून अधिक वेगळे वळलेले असेल, तर त्या फोटोवर वेळ घालवू नये. डोळ्यांतल्या उजेडाच्या ठिपक्यांची जागा पाहिली की प्रकाशाची दिशा क्षणात कळते. तुमचा नट तर उपलब्ध आहे. त्याला कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे तर ताजी दाढी केलेल्या सकाळी खिडकीच्या मऊ उजेडात, स्त्रीच्या पोर्ट्रेटइतक्याच अंतरावरून, कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर धरून पुन्हा टिपा. अंतर मात्र खरोखर मोजा. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि गाल मागे गेलेले दिसतात, आणि हा दोष Liquify ने नीट जात नाही.